फोटोतल्या रेल्वे वेळापत्रकाचा तक्ता करताना वेळ चुकीच्या स्टेशनासमोर का येते?

प्रश्न : माझ्याकडे एका जुन्या छापील रेल्वे वेळापत्रकातल्या पुणे–मिरज–कोल्हापूर पानाचा मोबाइलने काढलेला फोटो आहे. त्यातल्या रात्रीच्या कोल्हापूर–पुणे गाडीचा स्टेशन, येण्याची वेळ, सुटण्याची वेळ असा तक्ता हवा आहे. ओसीआरने फोटोतला मजकूर वाचून घेतला की आकडे बरोबर येतात, पण वेळा भलत्याच स्टेशनांसमोर जाऊन बसतात. कुठे चुकतंय?

उत्तर :

आकडे बरोबर आणि जागा चूक, हे तुमचं निरीक्षण नेमकं आहे. मी पुण्यात बरीच वर्षं जुन्या वेळापत्रकांच्या पानांचे तक्ते करतो आहे. ३ चा ८ वाचला जाणं ही चूक सगळ्यांच्या लक्षात असते. त्याहून कितीतरी जास्त तक्ते ओळी सरकल्यामुळे बिघडतात, आणि ते बिघडलेत हे कळतही नाही, कारण सरकलेला तक्ता पाहिला तर अगदी सुसंगत वाटतो.

आधी पानाची रचना. अशा पानावर स्टेशनांची यादी एकदाच छापलेली असते, वर पुणे आणि खाली कोल्हापूर. डाउन गाड्यांचे रकाने वरून खाली वाचायचे आणि अप गाड्यांचे खालून वर. मध्य रेल्वेवर मुंबईकडे जाणारी गाडी अप, त्यामुळे तुमची कोल्हापूरहून पुण्याकडे येणारी गाडी अप आहे. तिचा प्रवास रकान्याच्या तळाशी सुरू होतो. सातारा, मिरज अशा मोठ्या स्टेशनांना दोन ओळी असतात, एक येण्याची आणि एक सुटण्याची. डाउनच्या बाजूला आधी येण्याची ओळ आणि तिच्याखाली सुटण्याची. अपच्या बाजूला हे उलट असतं: खालची ओळ येण्याची, वरची सुटण्याची. वर वाचत जाताना गाडी आधी आली पाहिजे आणि मग सुटली पाहिजे, म्हणून तसं छापतात. या ओळींशेजारी बारीक अक्षरात आ. आणि प्र., किंवा इंग्रजी पानावर a आणि d असतं. काम सुरू करण्याआधी ती अक्षरं भिंग लावून वाचा.

लहान स्टेशनांना एकच ओळ असते. तिथली वेळ सुटण्याची धरायची.

आता उदाहरण घेऊ. खालच्या वेळा समजावण्यासाठी मी ठरवल्या आहेत, आजच्या कुठल्या गाडीशी त्या ताडू नका. स्टेशनांचा क्रम मात्र मार्गावरचा खरा आहे. रकाना वरून खाली असा छापलेला आहे असं समजा:

| छापील ओळ | वेळ |
|---|---|
| पुणे आ. | ०३.५० |
| जेजुरी | ०२.१६ |
| नीरा | … |
| लोणंद | ०१.२८ |
| वाठार | … |
| सातारा प्र. | ००.३८ |
| सातारा आ. | ००.३३ |
| कोरेगाव | … |
| कराड | २३.२४ |
| किर्लोस्करवाडी | २२.४६ |
| सांगली | २२.१७ |
| मिरज प्र. | २२.०५ |
| मिरज आ. | २१.५० |
| जयसिंगपूर | २१.२४ |
| हातकणंगले | २१.०९ |
| कोल्हापूर प्र. | २०.४५ |

ओळी सोळा आहेत, वेळा तेरा. नीरा, वाठार आणि कोरेगावला गाडी थांबत नाही. ओसीआरला रिकाम्या जागेचं भान नसतं. तो तेरा आकडे एकाखाली एक देतो आणि तुम्ही ते सोळा नावांच्या शेजारी चिकटवता. पुणे आणि जेजुरी बरोबर बसतात. मग नीरासमोर लोणंदची ०१.२८ येते, लोणंदसमोर साताऱ्याची ००.३८ आणि वाठारसमोर ००.३३. साताऱ्याच्या सुटण्यासमोर २३.२४ आणि येण्यासमोर २२.४६ बसते. शेवटी जयसिंगपूर, हातकणंगले आणि कोल्हापूर रिकामी राहतात.

हा तक्ता खालून वर वाचून पाहा. वेळा एकदाही मागे जात नाहीत, फक्त मध्यरात्रीपाशी दिवस बदलतो, आणि तो बदल योग्यच असतो. म्हणून ‘वेळ चढत्या क्रमाने आहे ना’ एवढीच तपासणी करणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. मी सुरुवातीला तेवढीच करायचो. त्या काळात माझ्या मावसभावाला असाच एक तक्ता दिला होता. त्यात साताऱ्याहून सुटण्याची वेळ खऱ्या वेळेपेक्षा तासाभराने आधीची पडली होती. सातारा स्टेशन शहरापासून दूर, माहुलीच्या बाजूला. म्हातारी आई बरोबर, डिसेंबरची थंडी, आणि ती दोघं सव्वा तास फलाटावर बसून होती. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: वेळेचं स्टेशन तिच्या क्रमांकावरून ठरवायचं नाही, कागदावरच्या तिच्या उंचीवरून ठरवायचं.

उंची मोजायची तर आधी फोटो सरळ हवा, आणि फोटो साधारण सरळ दिसला म्हणजे झालं असं नाही. स्टेशनांची नावं डावीकडे असतात आणि अप गाड्यांचे रकाने बहुधा पार उजवीकडे. समजा त्यांच्यात २००० पिक्सेलचं अंतर आहे आणि फोटो फक्त एका अंशाने कलला आहे. तेवढ्याने उजवीकडचा आकडा ३५ पिक्सेल वर किंवा खाली जातो. एका छापील ओळीची उंची ४० पिक्सेल असेल, तर एका अंशाच्या कलाने वेळ जवळजवळ शेजारच्या स्टेशनावर गेली. डोळ्यांना हा कल जाणवतही नाही.

म्हणून पान पुन्हा हाताशी येणार असेल तर फोटो पुन्हा काढा. खिडकीच्या उजेडात, पान टेबलावर सपाट ठेवून, मोबाइल पानाच्या बरोबर वर आणि थोडा लांब धरून, झूम करून. अगदी जवळून काढलेल्या फोटोत कडा फुगतात. पान शिवणीपाशी वळलेलं असेल तर एका फोटोत सगळं बसवू नका. डावी बाजू आणि उजवी बाजू वेगळी काढा, आणि दोन्हींत स्टेशनांची नावं येतील असं पाहा. फक्त जुना फोटोच हाती असेल तर कुठल्याही फोटो संपादकात पानावरच्या चौकटीचे चार कोपरे पकडून ती काटकोनात आणा. नंतर एका आडव्या छापील रेषेवर पट्टी ठेवून दोन्ही टोकांची उंची बघा. दोन-तीन पिक्सेलचा फरक चालेल, दहाचा चालणार नाही.

आता वाचन. पूर्ण पान एकदम ओसीआरला देऊ नका. स्टेशनांची पट्टी वेगळी कापा आणि गाडीचा रकाना वेगळा. दोन्ही तुकड्यांची वरची कड एकाच उंचीवर कापलेली हवी, नाहीतर उंचीचा हिशेबच कोसळतो. रकान्याच्या तुकड्यावर टेसरॅक्ट हा ओसीआर प्रोग्राम असा चालवा:

```
tesseract up.png up --psm 6 -c tessedit_char_whitelist=0123456789. tsv
```

याने `up.tsv` नावाची फाइल तयार होते. तिच्यात प्रत्येक आकड्याबरोबर `top` आणि `height` हे रकाने असतात. `top` मध्ये `height` चा निम्मा भाग मिळवला की त्या वेळेची मधली उंची मिळते. स्टेशनांची मधली उंची तुम्ही हाताने मोजली तरी चालेल, सोळाच ओळी आहेत. मग प्रत्येक वेळ तिच्या सर्वांत जवळच्या ओळीला द्या. जवळची ओळ अर्ध्या ओळीच्या उंचीपेक्षा लांब असेल तर ती वेळ कुणालाच देऊ नका, बाजूला काढा आणि डोळ्यांनी पाहा. एका ओळीला दोन वेळा मिळाल्या तर फोटो अजून तिरपा आहे असं समजा.

या आज्ञेत एक खोड आहे. आम्ही ‘फक्त आकडे आणि बिंदू वाच’ असं सांगतो. गाडी थांबत नाही हे दाखवायला काही पानांवर टिंबं असतात, काहींवर उभी रेघ. त्या रेघेसाठी बिचाऱ्या टेसरॅक्टकडे आकड्याशिवाय पर्याय उरत नाही, आणि ती १ म्हणून येते. एकटा १ किंवा नुसती टिंबं दिसली तर ती ‘थांबत नाही’ची खूण आहे, तुटकी वेळ नव्हे. अशी ओळ रिकामीच ठेवायची.

एकाच गाडीचं काम असेल तर खरं सांगतो, ओसीआरच्या भानगडीत पडू नका. फोटो मोठा करा, स्क्रीनवर आडवी पट्टी धरा आणि खालून वर एकेक ओळ हाताने लिहा. तेरा वेळांना वीस मिनिटं लागतील. पूर्ण पानावरच्या वीस गाड्या हव्या असतील तेव्हाच यंत्राचा उपयोग होतो. तपासणी मात्र दोन्ही वेळी सारखीच करावी लागते.

तपासणीत मध्यरात्र सर्वांत फसवी आहे. कराड २३.२४ नंतर सातारा ००.३३ येतं, म्हणजे इथे दिवस बदलला. बहुतेक जण सूत्र असं लिहितात: वेळ आधीच्यापेक्षा कमी झाली की २४ तास मिळवा. आता साताऱ्याची येण्याची ००.३३ ही वेळ चुकून ००.३९ वाचली गेली असं समजा. सुटण्याची ००.३८ त्याहून कमी ठरते, सूत्र निमूटपणे आणखी २४ तास मिळवतं आणि गाडी साताऱ्यात जवळजवळ पूर्ण दिवस उभी राहते. चुकलेला आकडा असा दिवस बदलल्याच्या आड लपून जातो. खरा दिवस बदलतो तेव्हा वेळ खूप खाली येते. २३.२४ वरून ००.३३ म्हणजे जवळजवळ तेवीस तासांची घसरण. चुकीच्या आकड्याने होणारी घसरण सहसा काही मिनिटांची किंवा दोन-चार तासांची असते. म्हणून मी बारा तासांची मर्यादा ठेवतो:

```python
def mins(t):
    h, m = map(int, t.split("."))
    assert h < 24 and m < 60, t
    return h * 60 + m

def unroll(times):
    out, day, prev = [], 0, None
    for t in times:
        v = mins(t)
        if prev is not None and v < prev:
            if prev - v < 720:
                raise ValueError("check " + t)
            day += 1
        out.append(day * 1440 + v)
        prev = v
    return out
```

याला वेळा प्रवासाच्या क्रमाने द्या, म्हणजे अप गाडीच्या रकान्यातल्या खालून वर. मिनिटं ५९ च्या वर किंवा तास २३ च्या वर गेले तर पहिलाच भाग अडवतो. २३ चा २८ झाला तर तिथेच कळतं. पण ००.३३ ची ००.३८ झाली तर कुठलीच मर्यादा ओलांडली जात नाही. मग साताऱ्याचा थांबा शून्य मिनिटांचा दिसतो. म्हणून दोन ओळींच्या स्टेशनांवरचे थांबे वेगळे काढून पाहा. आपल्या उदाहरणात मिरजेला पंधरा मिनिटं आणि साताऱ्याला पाच. शून्य मिनिटांचा थांबा दिसला तर फोटोकडे परत जा.

यानंतर वेगाची तपासणी करा, कारण सरकलेल्या ओळी तीच पकडते. पानावर स्टेशनाच्या नावाशेजारी किलोमीटरचा रकाना असतो. लागोपाठच्या दोन थांब्यांमधलं अंतर त्यांच्यातल्या वेळेने भागा. वर सरकवून दाखवलेल्या तक्त्यात वाठारहून लोणंद पाच मिनिटांत गाठलेलं दिसतं. मध्ये आदर्की आणि सालपे ही स्टेशनं आहेत आणि गाडी घाट उतरते. पाच मिनिटांत ते होणं शक्यच नाही. तशीच साताऱ्याला गाडी २२.४६ ला येऊन २३.२४ ला सुटते, म्हणजे अडतीस मिनिटांचा थांबा. या दोन ठिकाणी तक्ता उघडा पडतो. मिरजेचा थांबा मात्र चोवीस मिनिटांचा निघतो आणि मिरजेसारख्या जंक्शनला तो खपूनही जातो. म्हणून एका स्टेशनावर समाधान मानू नका, सगळे टप्पे काढा.

वेगाच्या तपासणीत फक्त जास्त वेगाला चूक म्हणा, कमी वेगाला नव्हे. नवीन लोक इथे फार वेळ घालवतात. जेजुरी ते पुणे दीड तासाहून जास्त दिसलं की त्यांना आकडा चुकला असं वाटतं. या टप्प्यात आंबळे–शिंदवणे घाट आहे. शिवाय मोठ्या स्टेशनाच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यात वेळापत्रक करणारे मुद्दाम जादा वेळ ठेवतात, वाटेत झालेला उशीर तिथे भरून निघावा म्हणून. त्यामुळे पुण्याआधीचा टप्पा संथ दिसणं साहजिक आहे. उलट तो फार चपळ दिसला तर मला शंका येते.

या सगळ्यातून गेल्यावर तक्ता असा होतो:

| क्र. | स्टेशन | येते | सुटते | दिवस |
|---|---|---|---|---|
| १ | कोल्हापूर | — | २०.४५ | १ |
| २ | हातकणंगले | | २१.०९ | १ |
| ३ | जयसिंगपूर | | २१.२४ | १ |
| ४ | मिरज | २१.५० | २२.०५ | १ |
| ५ | सांगली | | २२.१७ | १ |
| ६ | किर्लोस्करवाडी | | २२.४६ | १ |
| ७ | कराड | | २३.२४ | १ |
| ८ | सातारा | ००.३३ | ००.३८ | २ |
| ९ | लोणंद | | ०१.२८ | २ |
| १० | जेजुरी | | ०२.१६ | २ |
| ११ | पुणे | ०३.५० | ? | २ |

दोन प्रकारच्या रिकाम्या जागा मी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत. कोल्हापूरसमोरची आडवी रेघ म्हणजे येण्याची वेळ असूच शकत नाही. सांगलीसमोरची मोकळी जागा म्हणजे गाडी तिथे येते, पण पानाने ती वेळ सांगितलेली नाही. तिथे सुटण्यातून एक-दोन मिनिटं वजा करून आकडा भरण्याचा मोह आवरा. तो आकडा तुमचा असेल, वेळापत्रकाचा नव्हे, आणि पुढे तक्ता वाचणाऱ्याला दोन्हींतला फरक कळायला मार्ग राहणार नाही. तक्ता प्रवासाच्या ॲपसाठी जीटीएफएस स्वरूपात द्यायचा असेल तर त्या स्वरूपाचा नियमच असा आहे की एकच वेळ माहीत असेल तर `arrival_time` आणि `departure_time` दोन्हींत तीच लिहायची. तिथे मध्यरात्रीनंतरची वेळही २४ च्या पुढे मोजतात. साताऱ्याची ००.३३ तिथे `24:33:00` अशी जाते आणि दिवसाचा वेगळा रकाना लागत नाही.

पुण्यासमोर मी प्रश्नचिन्ह ठेवलं आहे. पान पुण्याला संपलं म्हणून गाडी तिथे संपते असं नसतं. कोल्हापूरहून निघणाऱ्या काही गाड्या पुढे मुंबईला जातात, आणि त्यांची पुण्याहून सुटण्याची वेळ पुणे–मुंबईच्या वेगळ्या तक्त्यात छापलेली असते. रकान्याच्या माथ्यावर गाडीचा क्रमांक आणि कुठून-कुठे हे दिलेलं असतं, ते पाहा. मुंबईचं नाव असेल तर दुसरं पान मिळेपर्यंत ती जागा उघडी ठेवा. पुणे हेच शेवटचं स्टेशन असेल तर तिथे रेघ द्या.

दिवसाचा रकाना आठवड्यातून ठरावीक वारी धावणाऱ्या गाडीला फार महत्त्वाचा असतो. तळटीपेत ‘सोम. व गुरु.’ असं लिहिलं असेल तर तो वार गाडी जिथून सुटते तिथला, म्हणजे कोल्हापूरचा. सोमवारी कोल्हापूरहून निघालेली गाडी साताऱ्याला आणि पुण्याला मंगळवारी असते. साताऱ्यातल्या माणसाने ‘सोमवारी ००.३८’ असं वाचलं तर तो चोवीस तास आधी स्टेशनवर पोचेल. वर दिवस २ आहे तिथे वार एकाने पुढे न्या, आणि तक्त्यात तो स्टेशनागणिक लिहूनच टाका.

पानाचं वर्ष कळत नसेल आणि मुखपृष्ठ हरवलं असेल, तर गाडीचा क्रमांक पाहा. डिसेंबर २०१० मध्ये प्रवासी गाड्यांना पाच आकडी क्रमांक आले, त्यामुळे चार आकडी क्रमांकांचं पान त्याआधीचं. पानावर मुंबईच्या टर्मिनसचं नाव कुठे असेल तर तेही मदत करतं: १९९६ पर्यंत व्हिक्टोरिया, मग छत्रपती शिवाजी, आणि २०१७ पासून छत्रपती शिवाजी महाराज. जे निघेल ते तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहा, आणि शेजारी फोटोच्या फाइलचं नाव. माझ्या जुन्या तक्त्यांपैकी काहींवर हे लिहिलेलं नाही, आणि ते कुठल्या पानावरून उतरवले हे आता मलाही सांगता येत नाही.